अनुभव धागा: जुन्या केसपेपरमधलं न लागणारं अक्षर

कृष्णाकाठ: सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही आणि जुन्या केसपेपरांनाही. डॉक्टरांचं जुनं अक्षर लावताना पेशंटच्या उपयोगाचं काही हाती लागलं असेल, तर इथे लिहा. सुरुवात मी करते.

मी विश्रामबागेतल्या एका हॉस्पिटलात डिस्चार्ज समरी टाइप करते. तासगावकडच्या एक आजी पाय सुजून दाखल झाल्या होत्या. मधुमेह, त्यात टाचेला जखम. संध्याकाळपासून ऑगमेंटिनचं, म्हणजे पेनिसिलिनच्याच गटातलं, इंजेक्शन सुरू होणार होतं. ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' लिहिलेलं. जुनी माहिती जोडायला म्हणून मुलाने घरची फाईल आणून दिली. तिच्यात १९८६चा केसपेपर होता, आता हयात नसलेल्या डॉक्टरांच्या हातचा.

त्यावर इंजेक्शनची एक ओळ खोडलेली होती. खाली 'एव्हिल' लागलं, पण त्यापुढचा लांब शब्द काही केल्या लागेना. दुसऱ्या दिवशीच्या तारखेला एरिथ्रोमायसिन मात्र स्वच्छ वाचता येत होतं. त्यातलं पहिलं अक्षर उलट्या तीनच्या आकड्यासारखं, तेच या लांब शब्दाच्या सुरुवातीला. शेजारी १०० मिलिग्रॅम. म्हणजे एफकॉर्लिन. एव्हिल आणि एफकॉर्लिन पाठोपाठ देतात ते रिॲक्शन आल्यावर! मग खोडलेली ओळ उजेडासमोर धरली. 'क्रिस. पेन १० लाख, एएसटी.' म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन, आधी टोचून टेस्ट केल्यावर. समासात 'पीएसटी', म्हणजे तीच पेनिसिलिनची टेस्ट, आणि पुढे मला आधी बरोबरची खूण वाटलेलं अधिकचं चिन्ह, म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह.

हे मी समरीत टाइप केलं नाही. अंदाजाने भरायचं नाही, जागा रिकामी सोडून खूण करायची, ही आमच्या कामाची शिस्त. कागद घेऊन तडक वॉर्डात सिस्टरांकडे गेले. त्यांनी डोस थांबवून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कधी सुई टोचल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का?"

"उठल्या हुत्या की! ओठ हे एवढं सुजलं हुतं. पर त्याला लई वर्सं झाली."

मुलगा तेव्हा पाळण्यात, त्याला काय ठाऊक असणार? औषध बदललं, जखम भरत आली, आजी घरी गेल्या.

औषधवाला_मिरज: म्हणजे आजींना आता सेफ्ट्रायक्सोनही बंद. पेनिसिलिन सोसत नाही त्याला 'सेफ'ने सुरू होणारं कुठलंच औषध चालत नाही. आम्ही अशी चिठ्ठी डॉक्टरांकडे परत पाठवतो.

अजिंक्यतारा: साताऱ्यात प्रॅक्टिस करतो. चिठ्ठी परत पाठवून विचारता ते योग्यच, पण सरसकट बंद नाही. सेफॅलेक्सिनसारख्या काही औषधांची रेणूरचना ॲम्पिसिलिनच्या जवळची आहे, तिथे जपावं लागतं. सेफ्ट्रायक्सोनची तशी नाही, त्यामुळे तिथे धोका बराच कमी. दुसरं म्हणजे पेनिसिलिनची ॲलर्जी पुष्कळांची दहाएक वर्षांत ओसरते. त्या काळची टोचून केलेली टेस्टही नुसत्या टोचण्याच्या लालीमुळे खोटी पॉझिटिव्ह यायची. आजींच्या बाबतीत मात्र ओठ सुजलाय, एव्हिल-एफकॉर्लिन द्यावं लागलंय. ते नुसती लाली म्हणून सोडता येणार नाही. तुम्ही डोस थांबवलात हे उत्तम केलंत.

पलूसकर_काकू: आमच्या ह्यांचं निराळंच. सेप्ट्रान घेतलं की खालच्या ओठावर काळा डाग यायचा, दरवेळी त्याच जागी. आम्ही तंबाखूला दोष देत राहिलो. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी जुन्या चिठ्ठ्या मागवल्या आणि डागाच्या नि गोळीच्या तारखा शेजारी-शेजारी मांडून दाखवल्या. ही पण ॲलर्जीच का हो?

अजिंक्यतारा: हो काकू, सल्फाची. पुन्हा दिलं तर डाग वाढत जातात. चिठ्ठी फाईलच्या पहिल्या पानाला लावून ठेवा.

नवा_उमेदवार: माझं टायपिंग मराठी ४० आणि इंग्रजी ४० झालंय. हॉस्पिटलात असं काम मिळेल का? पगार किती?

कृष्णाकाठ: पगार जागेवर ठरतो. वेग लागतोच, पण आधी औषधांची नावं आणि त्यांचे नेहमीचे डोस डोळ्यांखालून घाला. एव्हिल कशासाठी देतात हे ठाऊक नसतं, तर मी तो कागद बाजूला ठेवून दिला असता.

औषधवाला_मिरज: डॉक्टर, सेफ्ट्रायक्सोनचं पटलं, तरी काउंटरवर मी विचारल्याशिवाय देणार नाही. आजींच्या समरीत शेवटी काय लिहिलंत?

कृष्णाकाठ: डॉक्टरांनी सांगितलं ते जसंच्या तसं, पहिल्याच ओळीत: 'पेनिसिलिन, १९८६, टेस्टनंतर गांधी आणि ओठाला सूज, जुना केसपेपर पाहिला.' पुन्हा टेस्ट करायची का, यावर मुलगा आणि डॉक्टर अजून बोलताहेत. आजी म्हणतात, आता सुई नको.