अनुभव धागा: घरात विशेष भावंड असलेल्या (आणि तशी मुलं वाढवणाऱ्या) सगळ्यांसाठी

मृणाल_सांगली
परवा एका मुंजीला दादाला घेऊन गेले होते. दादाला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर, बोलणं फक्त सवयीच्या माणसांना कळतं. पंगतीत एक मावशी माझ्या लेकीला म्हणाल्या, "मोठी झालीस की मामाला तूच बघायचंस हं!" लेक नऊ वर्षांची. मान डोलावली तिने. रात्री अंथरुणात विचारते, "आई, मामाला बाथरूममध्ये मला उचलता येईल का गं?"

मी तिच्याएवढी असताना मलाही हेच ऐकवलं जायचं. माझा पोहण्याचा क्लास बंद झाला, कारण त्याच वेळी दादाची फिजिओथेरपी असायची. 'तुला वाईट वाटतंय का' असं मात्र कुणी विचारलं नाही. आईबाबांचा दोष नाही, त्यांना श्वास घ्यायला वेळ नव्हता. तुमच्याकडे हे बोलणं कसं झालं? राग, मत्सर, पुढचं कोण बघणार, काहीही लिहा.

कुकरची_शिट्टी
वाचतेय. घशात आलं काहीतरी. भाजी टाकून येते.

वऱ्हाडी_आई
मुलगा नऊ, ऑटिझम. मुलगी बारा. मागच्या वर्षी पोरीने मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं. विचारलं की "काही नाही." एकदा त्याने तिचा शाळेचा प्रोजेक्ट टराटरा फाडला. ती रडली नाही, कागद गोळा केले आणि दुसरा करायला बसली. शहाणी आहे म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. आमच्या समुपदेशक बाई मात्र म्हणाल्या, याचीच काळजी करा.

त्यांनी सांगितलेलं पहिलं काम ऐकायला सोपं आहे, करायला महाकठीण. "पण त्याला कळत नाही ना बाळा" हे वाक्य बंद. "तुझी मेहनत फाडली, राग येणारच" एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. मी पहिल्यांदा गप्प बसले तेव्हा पोरगी म्हणाली, "मला तो आवडत नाही." जीभ चावून बसले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "रोज नाही. कधी कधी."

मग तिच्या कपाटाला वर कडी लावली, त्याचा हात पोचणार नाही अशी. त्याने फाडलं तर चिकटवायला तोही बसतो, चिकटपट्टी धरून का होईना. "त्याला सगळं माफ, मला नाही" ही तिची खरी तक्रार होती. सारखा न्याय जमत नाही, पण त्यालाही काहीतरी करावं लागतं हे तिला दिसलं.

समोरासमोर बसवून विचारलं की ती बोलत नाही. स्कूटीवर मागे बसली की बोलते, तोंड दिसत नाही ना! शिवाय एक वही आहे. ती लिहून माझ्या उशीखाली ठेवते, मी उत्तर लिहून परत ठेवते. तिने विषय काढल्याशिवाय त्याबद्दल तोंडी बोलायचं नाही, हा तिचा नियम. मैत्रिणींना काय सांगायचं तेही वहीतच ठरलं: "त्याला मोठा आवाज सहन होत नाही म्हणून कान झाकतो. चावत नाही." शेवटचं वाक्य तिचं 😄

पक्या७७
आमच्या मोठ्याला पण धाकटी आल्यापासून फार मत्सर. परवा पावडरचा डबा तिच्या डोक्यावर उलटा केला. उपाय सांगा.

वऱ्हाडी_आई
पक्याभाऊ, धागा थोडा वेगळा आहे, पण डबा वर ठेवा 😂

अमेय_पुण्यात
मला धाकटी बहीण, डाऊन सिंड्रोम. लहानपणी मत्सर वगैरे आठवत नाही, लाज आठवते. बसमध्ये ती मोठ्याने गायची आणि मी दोन सीट सोडून बसायचो. लग्नाच्या वेळी नातेवाईक म्हणाले, बायोडेटात तिचा उल्लेख नको. बाबांनी पहिल्या ओळीत लिहिला. स्थळं कमी आली, पण आली त्यांच्याशी सुरुवातीपासून खरं बोलता आलं. बायको आणि बहीण आता माझ्याविरुद्ध एक पक्ष आहेत. टीव्हीचा रिमोट मला मिळत नाही.

पुढचं काय, ते बाबांनी अजून सांगितलेलं नाही. मी विषय काढला की "आम्ही आहोत ना रे" म्हणतात. बाबा चौऱ्याहत्तर.

देशपांडेकाका
अमेय, घाबरू नकोस. आईवडील कायदेशीर पालक असतातच. मृत्युपत्रात तुझं नाव घातलं की काम झालं.

नाशिकची_बाई
काका, अर्धंच बरोबर. विशेष शाळेत बरीच वर्षं शिकवते, म्हणून सांगते. मूल अठराचं झालं की आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा. पालकत्वाची गरज आहे का, असल्यास कशासाठी, हे समिती बघते. नातेवाईक पालक होऊ शकतात, नोंदणीकृत संस्थाही. मृत्युपत्र लागतंच, पण ते मालमत्तेसाठी.

आणि हे भावंडाला आधी का सांगायचं? पालक झालं की सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब. माया असलेल्या प्रत्येकाला हिशेब जमतोच असं नाही. म्हणून मी घरच्यांना कामं सुटी करायला सांगते: पैसे कोण बघणार, राहणार कुणाकडे, दवाखान्यात कोण नेणार. "तू बघ" म्हटलं की मुलाला वाटतं सगळंच आपल्यावर. मृणाल, तुझ्या लेकीने उचलण्याचंच विचारलं बघ. तिला आजच उत्तर दे: मामाला उचलायला माणूस ठेवतात, ते मुलांचं काम नाही.

लहानांना इतकं पुरतं. तेराचौदाच्या पुढे कागद दाखवावेत. अठरानंतर विचारावं, आणि नाही म्हणायची मुभा खरी हवी.

देशपांडेकाका
ताई, माहितीबद्दल आभार. तरी सख्ख्या भावाला 'नाही' म्हणायची मुभा हे काही पटत नाही. मग कुटुंब कशाला म्हणायचं?

अमेय_पुण्यात
काका, मी नाही म्हणणार नाहीये. पण बहिणीला स्वतःच्या गावात, स्वतःच्या कार्यशाळेत राहायचं असेल तर? तिलाही कुणी विचारलेलं नाही.

सोलापूरकर_रेवा
माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ती समिती त्याच्यासाठी चालेल का?

नाशिकची_बाई
नाही गं, मनोविकार त्या कायद्यात येत नाहीत. त्याची वाट वेगळी आहे, मानसिक आरोग्याचं काम करणारा वकील गाठ.

मृणाल_सांगली
बाई, लेकीला सांगितलं. म्हणाली, "मग मी मामाशी फक्त कॅरम खेळू?" म्हटलं, खेळ. एक राहिलं: आमच्या जिल्ह्यात समितीची बैठक महिनोन् महिने लागत नाही. काय करायचं?

नाशिकची_बाई
अर्जाची पोच घेतलीस का? नसेल तर आधी ती घे आणि लेखी स्मरणपत्र दे. बाकी खरंच जिल्ह्याजिल्ह्यावर आहे.

कुकरची_शिट्टी
आले. भाजी करपली 🙈 आमचा मुलगा सात वर्षांचा, परवा विचारत होता "मला पण होईल का दीदीसारखं?" नवरा म्हणतो इतक्यात काही सांगू नको.

वऱ्हाडी_आई
सांग गं. माझी लेक त्या वयात त्याच्या ग्लासातलं पाणी प्यायची नाही. लागण होते असं वाटायचं तिला. आम्हाला फार उशिरा कळलं.

नाशिकची_बाई
दीदीला नेमकं काय आहे? "सर्दीसारखं लागत नाही, कुणाच्या चुकीनेही झालं नाही" हे कुठल्याही वयात सांगता येतं. पण आनुवंशिक असेल तर "तुला नक्की होणार नाही" असं छातीठोक सांगण्याआधी डॉक्टरांशी बोल.

कुकरची_शिट्टी
अजून निदान नीट झालेलं नाही. तपासणीचा रिपोर्ट यायचाय. ठाणे-कल्याण भागात अशा भावंडांचा रविवारचा गट वगैरे आहे का कुठे?

अमेय_पुण्यात
ठाण्यातल्या एक ओळखीच्या आहेत, त्यांना विचारून व्यनि करतो.

पक्या७७
डबा वर ठेवला. आता तिला काजळ लावलंय. सगळ्या तोंडाला.