काटकसरीचा विरोधाभास: बचतीचे गणित

> प्रत्येकाने जास्त बचत केली, तर देशाची एकूण बचत वाढायलाच हवी ना?

अर्थशास्त्रज्ञ केन्सच्या साध्या प्रतिमानात तसे होत नाही. उपभोग १०० कोटी अधिक उत्पन्नाच्या ०.८ पट आणि गुंतवणूक १०० कोटींवर स्थिर धरली, तर समतोल उत्पन्न, म्हणजे ज्या पातळीवर एकूण खर्च आणि उत्पन्न सारखे होतात ते, १,००० कोटी येते आणि बचत गुंतवणुकीइतकीच, म्हणजे १०० कोटी असते. आता लोकांनी प्रत्येक उत्पन्नपातळीवर २० कोटी अधिक वाचवायचे ठरवले, तर दुकानांत तेवढा माल पडून राहतो, उत्पादक उत्पादन कमी करतात, मजुरी घटते आणि घटलेल्या मजुरीमुळे खर्च पुन्हा आक्रसतो. ही घसरण उत्पन्न ९०० कोटींवर आल्यावर थांबते, कारण तेथे बचत पुन्हा १०० कोटी होते. वीस कोटींच्या काटकसरीने शंभर कोटींचे उत्पन्न गेले, बचत मात्र जराही वाढली नाही.

गुंतवणूकही उत्पन्नावर अवलंबून असेल, समजा ५० कोटी अधिक उत्पन्नाच्या ०.०५ पट, तर त्याच वीस कोटींच्या काटकसरीने उत्पन्न १,००० वरून सुमारे ८६७ आणि बचत सुमारे ९३ कोटींवर येते. खरा विरोधाभास मला येथेच दिसतो.

मात्र हे सारे किमती व व्याजदर स्थिर आणि उत्पादनक्षमता पडून असतानाच लागू होते. पूर्ण रोजगाराच्या काळात वाढीव बचत गुंतवणुकीसाठी साधनसामग्री मोकळी करू शकते.