शब्दचर्चा: 'रोल मोरॅलिटी'ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरवाली: नीतिशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यातल्या वकीलीणबाईंना वाटते आहे की आपल्या अशिलानेच गुन्हा केला, तरी त्या त्याचा बचाव जोरात लढवतात. लेखक म्हणतो, त्यांच्या कामाची नीती वेगळी, घरची वेगळी. याला 'भूमिकानीती' चालेल का?

शब्दवेडा: गोंधळ होईल. मराठीत 'भूमिका' म्हणजे नाटकातले काम, आणि 'माझी भूमिका अशी की...' म्हणतो तेव्हा स्वतःचे मतही. इथे तर मुद्दाच असा आहे की बाई कोर्टात मांडतात ते त्यांचे मत नव्हे. 'स्वधर्म' घ्या.

निवृत्त वकील: स्वधर्म नको. त्या शब्दाखाली काहीही खपते. 'पेशाधर्म' म्हणा, कारण पेशाला मर्यादा असतात. शब्दाआधी एक पाहा: लेखात 'वाटते' आहे की 'माहीत आहे'? वकिलाला वाटले म्हणून माणूस दोषी ठरत नाही. वकिलानेच आधी निकाल दिला तर खटला त्याच्या केबिनमध्ये संपला, आणि तिथे ना साक्षीदार, ना उलटतपासणी.

सुटसुटीत: माझा चेकचा खटला होता. आमचे वकील पहिल्याच दिवशी म्हणाले, "खरे काय ते मला सांगूच नका." हाच का पेशाधर्म?

निवृत्त वकील: नाही, ही पळवाट. पुढे कागद तुमच्याविरुद्ध बोलू लागले की असा वकील तुमच्याइतकाच चकित होतो. बरे, चेकचा खटला निराळा, तो राहू द्या.

खडूस: खरे कळले की वकीलपत्र सोडावे, एवढे साधे आहे. लंडनमध्ये १८४० साली कूर्व्हाझिए नावाच्या नोकराने मालकाचा, लॉर्ड विल्यम रसेलचा, गळा चिरला. त्याचा वकील चार्ल्स फिलिप्स याला कबुली माहीत होती, तरी त्याने मोलकरणीवर संशय ढकलला. हा तुमचा पेशाधर्म!

निवृत्त वकील: अर्धे बरोबर. क्रम चुकला. मोलकरणीची उलटतपासणी पहिल्या दिवशी झाली, तेव्हा फिलिप्सला काही माहीत नव्हते. मग एका हॉटेलची मालकीण पुढे आली. घरातली चोरीची चांदी आरोपीने तिच्याकडे ठेवली होती. तिला पाहिल्यावर आरोपीने वकिलाला कबुली दिली आणि वर सांगितले, खटला लढवाच. फिलिप्स सोडायला निघाला होता. त्याने तिथे बसलेल्या दुसऱ्या न्यायाधीशाला, बॅरन पार्कला, विचारले. उत्तर आले: अशिलाची इच्छा असेल तर थांबा, आणि पुराव्यातून निघणारे सगळे रास्त मुद्दे मांडा.

खडूस: मग दोष कुठे?

निवृत्त वकील: भाषणात. ती बाई खरे बोलते हे ठाऊक असताना त्याने तिच्या हॉटेलच्या अब्रूवर शिंतोडे उडवले. "आरोप शाबीत झालेला नाही" असे तो म्हणाला असता तर कबुलीनंतरही ते खोटे ठरले नसते, कारण ते वाक्य पुराव्याविषयी आहे. "हा निर्दोष आहे, मला खात्री आहे" हे वाक्य स्वतःविषयी आहे, आणि ते मात्र खोटे. शेवटी आरोपीला फाशी झालीच, पण फिलिप्सवरचा वाद वर्षानुवर्षे चालला.

शब्दवेडा: वृत्तपत्रांनी 'निर्दोष मुक्तता' लिहून ही रेघच पुसली आहे. सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही एवढेच घडलेले असते, आणि वाचणाऱ्याला वाटते कोर्टाने निष्पापपणाचा दाखला दिला.

खडूस: शब्दांची कसरत! ज्या बाईवर शिंतोडे उडाले, तिला 'पुराव्याविषयी' आणि 'स्वतःविषयी' यातला फरक सांगून बघा.

निवृत्त वकील: तिच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. खरे बोलणाऱ्या साक्षीदाराला उलटतपासणीत किती हलवावे, यावर वकिलांचे आजही एकमत नाही. मी स्मरणशक्ती, अंतर, उजेड यांवर विचारायचो, चारित्र्यावर नाही. अशिलांना ते आवडायचे नाही. दोघेतिघे फाइल उचलून दुसरीकडे गेले.

भाषांतरवाली: लेखात 'वाटते'च आहे, 'माहीत आहे' कुठेही नाही. मी दोन्हीकडे 'ठाऊक असूनही' लिहून बसले होते, ते आता बदलते. शीर्षकात 'पेशाधर्म' ठेवून पाहते.

शब्दवेडा: 'पेशा' ऐकून काहींना वाईट अर्थ सुचेल, बघा. 'व्यवसायनीती' पाहिलात का?

सुटसुटीत: माझ्या चेकचे काय पण?