मदत हवी आहे : लेझर प्रिंटरसाठी मोठा यूपीएस घ्यावा की स्टॅबिलायझर?

अनुराधा (नंदनवन, नागपूर)
नमस्कार. आमचे झेरॉक्स आणि डीटीपीचे छोटे दुकान आहे. संगणक, ए-फोर लेझर प्रिंटर आणि फोटोंसाठीचा इंक टँक प्रिंटर ही तिन्ही उपकरणे ६०० व्हीएच्या एकाच यूपीएसवर आहेत. नवतपा सुरू झाल्यापासून सगळीकडचे कूलर एकदम चालतात आणि संध्याकाळी दुकानातील व्होल्टमीटर १७५ ते १८५ दाखवतो. अशा वेळी लेझरला प्रिंट दिली की यूपीएस ओरडतो आणि कधीकधी संगणकासह बंद पडतो. शिवाय त्या वेळच्या प्रिंटवरील अक्षरे बोटाने पुसली जातात. सकाळी मात्र तोच प्रिंटर उत्तम छापतो. दुरुस्तीवाले फ्यूजर बदलण्यास सांगत आहेत. मोठा यूपीएस घेतल्यास हा प्रश्न सुटेल का?

राजाभाऊ
ताई, २ केव्हीएचा यूपीएस घ्या आणि सर्व उपकरणे त्यावर टाका. ६०० व्हीए म्हणजे जेमतेम ३६० वॉट. लेझर त्यावर चालणारच नाही. वीज गेली तरी काम सुरू राहिले पाहिजे.

वायरमन_सक्करदरा
राजाभाऊंनी यूपीएस लहान असल्याचे अचूक सांगितले आहे, परंतु मोठ्या यूपीएसवर खर्च करण्यापूर्वी लेझरच्या आत काय घडते ते पाहावे. टोनरची पूड कागदावर वितळवून पक्की करण्यासाठी फ्यूजर सुमारे २०० अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि त्यातील हीटर दर काही सेकंदांनी झटक्याने ८०० ते १००० वॉट ओढतो. हा हीटर थेट मेन्सच्या विजेवर चालतो. त्यामुळे १८० व्होल्टवर त्याची उष्णता सुमारे दोन तृतीयांशच उरते, पूड नीट वितळत नाही आणि अक्षरे पुसली जातात. सकाळी प्रिंट पक्की येत असेल, तर फ्यूजर बदलण्याची घाई करू नये.

म्हणून लेझर यूपीएसवरून काढावा आणि त्याला १५० ते २८० व्होल्टच्या कार्यकक्षेचा, २ केव्हीएचा स्वतंत्र स्टॅबिलायझर द्यावा. वीज गेल्यावर लेझर बंद पडेल आणि एखादा कागद फ्यूजरमध्ये अडकेल, पण त्याने सहसा मोठे नुकसान होत नाही. मागचे झाकण उघडून, फ्यूजर निवल्यावर, कागद दोन्ही हातांनी तो ज्या दिशेने बाहेर येतो त्याच दिशेने सावकाश ओढावा.

यूपीएसची खरी गरज इंक टँकला आहे. छपाई चालू असताना वीज गेली, तर त्याचे हेड मध्येच उघडे राहते. एरवी ते कडेच्या टोपीत जाऊन बसते. नागपूरच्या मे महिन्यात उघड्या हेडवरील शाई लवकर सुकते आणि मग फोटोत रेघा येतात. हा प्रिंटर जेमतेम १५-२० वॉट घेतो, म्हणून संगणकासोबत तो सध्याच्याच यूपीएसवर ठेवावा. वीज गेल्यावर चालू पान पूर्ण करावे आणि प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा.

किरण_खामला
मी फ्रिजचा जुना ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर लेझरला लावला आहे. वीज आल्यावर तो तीन मिनिटे प्रिंटरला वीजच देत नाही आणि प्रिंटच्या वेळी गुरगुरतो. तो बिघडला असावा का?

वायरमन_सक्करदरा
बिघडलेला नाही. तो विलंब कॉम्प्रेसरच्या संरक्षणासाठी असतो. प्रिंटरला त्याची गरज नाही. मात्र ५०० व्हीएवर हा भार फारच जास्त आहे. गुरगुर होत असेल, तर तो आजच काढून ठेवावा.

राजाभाऊ
मग यूपीएसच्याही आधी एक स्टॅबिलायझर बसवावा. माझ्याकडे दोन्ही असून बॅटरी वर्षानुवर्षे टिकली आहे.

वायरमन_सक्करदरा
लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएसमध्ये व्होल्टेज सुधारण्याची सोय मुळातच असते. दोन्हींचे रिले एकमेकांच्या मागे खटखटत राहतात, असे मी अनेक दुकानांत पाहिले आहे. तुमच्याकडे तसे होत नसेल, तर माझा आग्रह नाही.

अनुराधा
लेझर आज थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावला. यूपीएस आता ओरडत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात आली. शेजारच्या दुकानातील एसी सुरू झाला की आमचा दिवा मंद होण्याऐवजी अधिक उजळतो आणि व्होल्टमीटर क्षणभर २६५ दाखवतो.

वायरमन_सक्करदरा
ताई, तसे असेल तर स्टॅबिलायझरची खरेदी थांबवा. भार वाढल्यावर एका दुकानात व्होल्टेज पडणे आणि शेजारी चढणे हे इमारतीचा सामाईक न्यूट्रल सैल असल्याचे लक्षण असू शकते. तो पूर्ण सुटला, तर ३०० व्होल्टच्याही वर वीज येऊ शकते आणि त्या वेळी साधा स्टॅबिलायझर सर्वांत आधी जळतो. वीज कंपनीकडे आजच तक्रार नोंदवा, मीटरजवळचे जोड परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या आणि तोपर्यंत रात्री सर्व प्लग काढून ठेवा. तपासणीनंतर संध्याकाळचे आकडे इथे लिहा. कदाचित १८० ची तक्रारही त्याच जोडामुळे असेल, पण कूलरच्या भाराचा वाटा किती हे आकड्यांशिवाय सांगता येणार नाही.