सिंकच्या ड्रेनची फ्लँज निघत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेतल्या जुन्या घरात स्टीलच्या किचन सिंकचं ड्रेन बदलतोय. खालचा लॉकनट कापून काढला, पाइप सुटा केला, पण वरची फ्लँज हलायला तयार नाही. तिच्याखालची प्लंबर पुटी पार दगड झालीय. खरवडली की भुगा पडतो, रबरासारखी ताणत नाही, म्हणजे सिलिकॉन नसावं. हेअर ड्रायरने गरम केल्यावर फक्त कडेची पुटी जरा मऊ झाली. आता खालून लाकडी ठोकळा धरून, गोल फिरत हलके ठोके द्यावेत का? पत्रा पातळ आहे. भोकाची कड वाकली तर नवीन फ्लँज सपाट बसणार नाही आणि गळती कायमची. शिवाय उरलेला थर मिनरल स्पिरिटने निघतो का? कुणी केलं असल्यास सांगा.