मदत हवी आहे: ओळी जुळतात, चेकसम जुळत नाही

एका पतसंस्थेचा सभासद डेटा ओरॅकल 12c वरून पोस्टग्रेस 15 वर नेलाय. टेबलातल्या ओळी दोन्हीकडे 48,212. पण प्रत्येक ओळीतले रकाने जोडून काढलेला MD5 सुरुवातीला बहुतेक ओळींत चुकत होता. CHAR रकान्यातल्या शेपटीच्या स्पेस, तारखांचा फॉरमॅट आणि रिकामी स्ट्रिंग (ओरॅकल ती NULL धरतो) हे सगळं निस्तरलं. आता 611 ओळी उरल्यात आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांचा पत्ता कऱ्हाडचा!

स्क्रीनवर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. बाइट काढल्यावर 'ऱ' असा दिसला:

```
जुना: e0a4b0 e0a4bc
नवा:  e0a4b1
```

म्हणजे जुन्यात र अधिक नुक्ता आणि नव्यात एकच अक्षर. आमची लोडर स्क्रिप्ट वाटेत NFC करते, हे नंतर सापडलं. काही ओळींत मात्र र, हलन्त आणि ZWJ असं आहे. त्याला NFC हात लावत नाही, मग त्या का चुकतात?

जुना सर्व्हर फक्त वाचता येतो आणि महिनाअखेर बंद होणार. पुन्हा लोड करायला वेळ नाही.

तुलनेपुरतं ओरॅकलमध्ये `COMPOSE()` आणि पोस्टग्रेसमध्ये `normalize()` वापरलं तर देवनागरीसाठी बाइट हमखास सारखे येतात का, की दोन्हीकडचा कच्चा मजकूर काढून पायथनमध्येच नॉर्मलाइझ करू? आणि जुळलेल्या ओळींतून यादृच्छिक 300 हाताने तपासल्या, चूक शून्य. त्यावरून चुका साधारण 1 टक्क्याच्या आत एवढंच म्हणता येतं. रकमेच्या रकान्यांसाठी तुम्ही एवढ्यावर सही कराल का?