पे बटनावर डबल क्लिक: बटन डिसेबल केलं म्हणजे बग बंद करायचा का?

सायली_टेस्टिंग: चेकआउटवर पे बटन पटकन दोनदा दाबलं की एकाच ऑर्डरवर दोन पेमेंट पडतात, असा बग टाकला होता. डेव्हने पहिल्या क्लिकला बटन डिसेबल केलं आणि आता म्हणतोय रिटेस्ट करून बंद कर. प्लेराइटमध्ये `dblclick()` चालवलं, टेस्ट पास झाली. बंद करू का?

नाशिकचा_फ्रंटएंड: करा की बंद. बग डबल क्लिकचा होता, डबल क्लिक आता होत नाही, विषय संपला. फक्त एक बघा, डिसेबल नक्की कुठल्या ओळीत केलंय ते. हँडलरमध्ये आधी कुपन तपासायला `await` असेल आणि त्याच्या खाली `setPaying(true)` असेल तर तेवढ्या वेळात दुसरा क्लिक आत घुसतो. पहिल्याच ओळीत असेल तर रिअ‍ॅक्ट १८ पुढचा क्लिक यायच्या आधी बटन बंद करून मोकळं होतं. प्रत्येक बगसाठी सर्व्हरवाल्यांच्या दारात जायची गरज नसते.

बॅकएंड_काका: `await` चा मुद्दा बरोबर आहे, पण बंद करू नका. डिसेबल केलेलं बटन फक्त त्या एका टॅबमधलं बोट अडवतं. रेंज गेली, चक्र फिरत राहिलं, माणसाने पेज रिफ्रेश करून परत पे दाबलं की सर्व्हरसाठी तो डबल क्लिकच असतो, फक्त मध्ये दहा सेकंद गेलेले. तुमच्या टेस्टने बटन तपासलं, पैसे दोनदा कापले जातात का हे तपासलंच नाही.

आता सर्व्हरवर काय होतं ते बघा. ऑर्डर १४९९ रुपयांची धरा. पहिली रिक्वेस्ट आली, टेबलात या ऑर्डरचं पेमेंट आहे का बघितलं, नाही, मग गेटवेला कॉल केला. गेटवे उत्तर द्यायला दीड-दोन सेकंद घेतो. उत्तर आलं की मग टेबलात नोंद. दुसरी रिक्वेस्ट दीडशे मिलीसेकंदांनी आली, तिनेही टेबल बघितलं, नोंद अजून झालेलीच नाही, तीही गेली गेटवेकडे. लोकांना वाटतं रेस म्हणजे एखाद-दोन मिलीसेकंदांची फट, इथे गेटवेचा आख्खा कॉल म्हणजे फट आहे. आणि तुमच्या टेस्टमधला खोटा गेटवे उत्तर देतो दोन मिलीसेकंदांत, म्हणजे दुसरी रिक्वेस्ट पोचेपर्यंत पहिलीची नोंद होऊन गेलेली असते. पास होणारच. आधी तो गेटवे मुद्दाम हळू करा, मग बटन बाजूला ठेवून थेट एपीआयवर दोन रिक्वेस्ट एकदम सोडा:

```js
gateway.delay = 2000;
await Promise.all([pay(order), pay(order)]);
expect(gateway.charges.length).toBe(1);
```

डेटाबेस_प्रेमी: काका, एवढा खटाटोप कशाला? पेमेंट टेबलात `order_id` वर युनिक लावा, दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो, झालं. असल्या वेळेवर अवलंबून टेस्ट सीआयमध्ये आज पास उद्या फेल होतात, मग टीम त्यांच्याकडे बघायचंच सोडून देते. डेटाबेस हमी देतोय ना, मग त्याच हमीची टेस्ट परत का लिहायची?

बॅकएंड_काका: युनिक लावाच, त्याशिवाय काही खरं नाही. पण नोंद गेटवेच्या कॉल*नंतर* होत असेल तर काय होईल बघा. दोन्ही कॉल गेले, दोन्हीकडे पैसे कापले गेले, मग दुसरी नोंद युनिकवर आपटली. टेबलात एकच ओळ, सगळं स्वच्छ दिसतं आणि ग्राहकाचे २९९८ गेलेले. म्हणून वरच्या टेस्टमध्ये मी टेबलातल्या ओळी मोजल्या नाहीत, गेटवेला किती कॉल गेले ते मोजलं. आधी `pending` नोंद टाकायची, कमिट करायची, मगच गेटवेकडे जायचं, म्हणजे दुसरी रिक्वेस्ट दारातच अडते. राहिला सीआयचा प्रश्न, तर दोन सेकंदांची फट असेल तर टेस्ट नशिबावर राहत नाही, चूक असेल तर प्रत्येक वेळी फेल होते. उलटी भीती जास्त, खोटं पास. टेस्टमध्ये कनेक्शन पूल १ चा असेल किंवा जँगोच्या साध्या `TestCase` सारखी आख्खी टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलेली असेल तर समांतर काही घडतच नाही. म्हणून युनिक काढून टेस्ट एकदा चालवा. तरीही हिरवीच राहिली तर ती टेस्ट कामाची नाही.

डेटाबेस_प्रेमी: गेटवेचे कॉल मोजायचं पटलं. पण `pending` टाकल्यावर सर्व्हर मध्येच पडला तर? ती ऑर्डर कायमची अडकली ना, ग्राहक पैसेच भरू शकणार नाही.

बॅकएंड_काका: अडकते, खरंय. त्यासाठी जुन्या `pending` ओळी शोधून गेटवेला स्टेटस विचारणारा जॉब लागतो. किती जुनी झाली की विचारायचं हे गेटवेच्या टाइमआउटवर ठरवा.

अकोलेकर: माझेपण असेच दोनदा कापले गेले हो, वीजबिल भरताना, दोन मेसेज आले. ते परत कसे मिळवायचे सांगेल का कोणी? कस्टमर केअर नुसतं थांबा म्हणतं.

नाशिकचा_फ्रंटएंड: दादा, इथे टेस्टिंगचं चाललंय, पण यूपीआयने भरले असतील तर दोन्ही मेसेजमधला १२ आकडी रेफरन्स नंबर बघा. सारखाच असेल तर पैसे एकदाच गेलेत, मेसेज दोन आलेत. वेगवेगळे असतील तर दोन्ही नंबर लिहून बँकेकडे आणि बिलवाल्याकडे तक्रार टाका.

सायली_टेस्टिंग: गेटवे हळू करून चालवलं, टेस्ट फेल झाली, दोन कॉल गेले. डेव्ह म्हणाला असं कसं, आपण तर `Idempotency-Key` पाठवतो. कोड बघितला तर क्लिक हँडलरच्या आत `crypto.randomUUID()` आहे.

बॅकएंड_काका: मग प्रत्येक क्लिकला नवी की, गेटवेला ती दोन वेगळी पेमेंट वाटणार. की पेमेंटच्या प्रयत्नाला एक हवी, ऑर्डरसोबत सर्व्हरनेच बनवलेली, म्हणजे रिफ्रेश केलं किंवा दुसरा टॅब उघडला तरी तीच येते. कार्ड नाकारलं गेलं तर पुढच्या प्रयत्नाला नवी, नाहीतर काही गेटवे तेच जुनं नकाराचं उत्तर परत देत बसतात. यूपीआयचं उत्तर आलंच नाही, टाइमआउट झाला, तर मात्र नवी देऊ नका, आधी स्टेटस विचारा.

नाशिकचा_फ्रंटएंड: बरं, मानलं. पण दुसऱ्या रिक्वेस्टला उत्तर काय देणार? तुमचा सर्व्हर वीस मिलीसेकंदांत ४०९ देणार, आमच्या स्क्रीनवर लाल अक्षरात 'पेमेंट अयशस्वी' येणार आणि पहिली रिक्वेस्ट अजून गेटवेकडेच उभी. माणूस घाबरून दुसऱ्या अ‍ॅपवरून पैसे भरणार. म्हणजे यूआय टेस्ट लागतेच, दुसरं उत्तर आलं तरी स्क्रीनवर एरर दिसत नाही हे तपासायला. माझ्या मते सर्व्हरने २०२ द्यावा, 'चालू आहे' म्हणून, आम्ही स्टेटस विचारत राहू.

बॅकएंड_काका: यूआय टेस्टचं मान्य, ती ठेवा. २०२ नाही पटत. दुसरी रिक्वेस्ट स्वीकारलीच नाही तर स्वीकारली कशाला म्हणायचं? ४०९ मध्येच पेमेंटचा आयडी द्या, त्यावरून स्टेटस विचारा.

डेटाबेस_प्रेमी: मी २०२ च्या बाजूने. ४०९ दिसला की मॉनिटरिंगवाले रात्री अलार्म लावतात.

सायली_टेस्टिंग: बग रीओपन केलाय, गेटवेला गेलेल्या दोन्ही कॉलचा लॉग जोडलाय. ४०९ की २०२ हे डेव्ह आणि लीडने मिळून ठरवावं, तोवर यूआय टेस्टमध्ये फक्त लाल मेसेज येत नाही एवढंच तपासतेय.